गेमच्या नावाने बॅलन्स कापला? तक्रारीत हे लिहा

रत्नागिरी : समजा, पोराने मोबाईलवर खेळताना कुठेतरी बोट लावले आणि प्रीपेड बॅलन्समधून रोज 5 रुपये जाऊ लागले. आधी 155223 या मोफत नंबरवरून ती सेवा बंद करा, नाहीतर पैसे कापले जातच राहतात. मग कंपनीला तक्रार लिहा. त्यात मोबाईल नंबर, गेमचे नाव, तारीख, रक्कम टाका. मुख्य मुद्दा असा मांडा : ‘ट्रायच्या 2013 च्या आदेशाप्रमाणे सेवा सुरू करायला ग्राहकाची दोनदा संमती लागते. माझी संमती दाखवा, नसेल तर पैसे परत करा.’ तक्रार क्रमांक जपून ठेवा. उत्तर पटले नाही, तर 30 दिवसांत कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे अपील करता येते. त्याला फी नाही.