ओडी की ओडब्ल्यू?

गावाकडून आईच्या औषधांच्या चिठ्ठीचा फोटो व्हॉट्सॲपवर येतो आणि शहरातला मुलगा किंवा सून तो मोठा करून वाचायला बसते. बरीचशी अक्षरं ओळखीची असतात. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा. एसी म्हणजे जेवणाआधी, पीसी जेवणानंतर, एचएस झोपताना आणि एसओएस गरज पडली तरच. ही सगळी लॅटिन शब्दांची लघुरूपं आहेत. एवढं पाठ असलं की चिठ्ठी कळली असं वाटतं. पण डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंबांपुढे ‘ओडी’ लिहिलं असेल, तर त्याचा अर्थ ‘उजव्या डोळ्यात’ असाही असू शकतो.

संधिवाताच्या एका चिठ्ठीचं उदाहरण घेऊ. तीत लिहिलंय : ‘एमटीएक्स ७.५ ओडब्ल्यू’. एमटीएक्स म्हणजे मेथोट्रेक्सेट आणि ओडब्ल्यू म्हणजे आठवड्यातून एकदा. फोटो तिरका आला, शेवटचं अक्षर कागदाच्या घडीत गेलं, की ‘ओडब्ल्यू’चं सहज ‘ओडी’ वाचलं जातं आणि मुलगा आईला फोनवर ‘रोज एक वेळ’ असं सांगून मोकळा होतो. संधिवातात हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतलं तर तोंडात फोड येतात, रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात आणि प्रसंगी जिवावर बेतू शकतं. त्यात दशांशचिन्हाचा ठिपका फोटोत पुसट झाला, तर ७.५ चे ७५ होतात.

फार्मासिस्ट नुसती अक्षरं वाचत नाही. हे औषध कोणत्या आजारासाठी, किती मात्रेत आणि किती वेळा देतात, हे त्याला ठाऊक असतं. मेथोट्रेक्सेटपुढे ‘रोज’ दिसलं की तो थबकतो. सोबत फॉलिक ॲसिड लिहिलंय का, ते कोणत्या दिवशी घ्यायचंय, हे पाहतो. पेशंटचं वय आणि चालू असलेली इतर औषधं विचारतो. तरीही शंका उरली, तर अंदाज न बांधता डॉक्टरांनाच फोन लावतो. चिठ्ठीचं मराठी कितीही नीट केलेलं असलं, तरी ही पडताळणी त्यात नसते.

म्हणून फोटोवरून काढलेला अर्थ कच्चाच समजा. मूळ कागद घेऊन मेडिकलमध्ये जा आणि काउंटरवरच्या कुणालाही न विचारता नोंदणीकृत फार्मासिस्टलाच विचारा. ‘कधी, किती आणि किती दिवस’ हे त्याच्याकडूनच मराठीत लिहून घ्या. साप्ताहिक गोळी असेल, तर पाकिटावर वारसुद्धा लिहून घ्या. औषध चुकून रोज घेतलं गेलं असेल, तर त्रास होण्याची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.