फोटोतली साडी बदलली, मंगळसूत्राचं काय?

आईचा एकच चांगला फोटो घरात आहे, पण त्यात तिने फिकट पोपटी सिंथेटिक साडी नेसलेली आहे. भिंतीवर लावायला तो पैठणीतला हवा. अशी मागणी घेऊन लोक फोटो स्टुडिओत येतात. साडी बदलायला आजचा कारागीर फार वेळ घेत नाही. फोटो घरी गेल्यावर मात्र बहिणी म्हणतात, ‘काहीतरी चुकतंय.’ ते चुकलेलं बहुतेक वेळा साडीत सापडत नाही. मंगळसूत्र हवेत तरंगत असतं, किंवा ठुशीखाली जुन्या ब्लाउजचा हिरवा काठ राहिलेला असतो.

कपडा एक बदलायचा आणि बाकी सगळं जागेवर ठेवायचं, या कामात पहिला प्रश्न असतो तो प्रत्येक वस्तू कशाच्या आधाराने आहे याचा. ठुशी गळ्याला धरून असते, कपडा कोणताही असो. टाय कॉलरला धरून असतो. पट्टा पँटला धरून असतो, शर्टाला नव्हे. ओढणी आणि मफलर अंगावर असले तरी कपड्याचा बराच भाग झाकतात. ज्याचा आधार बदलत नाही ते जसंच्या तसं ठेवता येतं. ज्याचा आधारच जातो, ते पुन्हा बसवावं लागतं.

आईच्या फोटोतच हे काम कसं होतं ते पाहू. साडी खोडण्याआधी ठुशी आणि मंगळसूत्र कापून वेगळ्या लेअरवर ठेवायचं. मग वरखाली क्रम लावायचा: सर्वांत खाली त्वचा, तिच्यावर ठुशी, मग ब्लाउज, ब्लाउजवर मंगळसूत्र आणि शेवटी पदर. नव्या ब्लाउजचा गळा जुन्यापेक्षा बंद असेल, तर मंगळसूत्राचा जो भाग आधी त्वचेवर होता तो आता कापडावर येतो. गळा खोल असेल तर उलट होतं आणि आधी झाकलेली त्वचा नव्याने रंगवावी लागते. हे गळ्याचं गणित साडी निवडतानाच करायला हवं. जुन्या गळ्याच्या जवळपास जाणारा ब्लाउज घेतला की निम्मी डोकेदुखी संपते.

आता पदर. जुन्या फोटोत पदराच्या काठाखाली मंगळसूत्राच्या डाव्या सराचा दोन-तीन बोटं भाग लपलेला होता. पैठणीचा पदर खांद्याकडे जरा मागे पिन केलेला असल्यामुळे तो भाग आता उघडा पडतो, आणि तिथे मणीच नाहीत. घाईत केलेल्या कामात उजवा सर उलटा करून डावीकडे चिकटवलेला दिसतो. उजेड एका बाजूने येत असल्यामुळे प्रत्येक काळ्या मण्यावर चकाकीचा ठिपका ठरावीक बाजूला असतो. उलटा केलेला सर लावला की ते ठिपके चुकीच्या बाजूला जातात आणि नजरेला ते बोचतं. त्यापेक्षा डाव्या सरातलेच दिसणारे चार मणी उचलून त्याच वळणावर पुढे लावावेत. मध्ये सोन्याचा मणी किती काळ्या मण्यांनंतर येतो ते मोजावं आणि तेवढंच अंतर पाळावं. घरच्यांना ते मणी पाठ असतात.

सोन्याची आणखी एक खोड आहे. चकचकीत सोनं आजूबाजूचा रंग उचलतं. पोपटी साडीवरच्या वाट्यांच्या खालच्या कडांना हिरवट झाक असते. ती तशीच ठेवून खाली जांभळी पैठणी घातली, तर दागिना दुसऱ्या फोटोतून आणल्यासारखा दिसतो. त्या लेअरपुरती हिरवी झाक काढून खालच्या कडांना अगदी हलका जांभळा रंग द्यावा लागतो.

मग सावली. जुन्या साडीबरोबर दागिन्याची तिच्यावर पडलेली सावलीही पुसली जाते. तरंगण्याचं खरं कारण तेच. नवी सावली मल्टिप्लाय पद्धतीच्या लेअरवर, दागिन्याच्या उजेडाविरुद्धच्या बाजूला काढायची. मणी कापडाला टेकतो तिथे ती बारीक आणि गडद हवी, सर कापडापासून किंचित उचललेला असतो तिथे पसरट आणि फिकी. सगळीकडे सारखी सावली दिली की मंगळसूत्र पुठ्ठ्यातून कापल्यासारखं वाटतं. दोन मण्यांच्या फटीतून जुना पोपटी रंग डोकावतो का, हेही फोटो मोठा करून एकदा पाहायला हवं.

टायचं काम वेगळं आहे. टायची गाठ कॉलरच्या दोन पानांच्या खाली असते आणि पट्टी शर्टाच्या बटणांवर. म्हणून नवा शर्ट एकसंध चिकटवून चालत नाही. त्याचे दोन तुकडे करायचे, अंग टायच्या खाली आणि कॉलरची पानं टायच्या वर. नवी कॉलर जास्त फाकलेली असेल, तर गाठीच्या दोन्ही बाजूंची गळ्यामागे जाणारी पट्टी उघडी पडते आणि ती फोटोत नसतेच. अशा वेळी टायही बदलावा, त्यात कमीपणा नाही. फक्त कोट बदलायचा असेल तर मात्र शर्ट, टाय, कॉलर काही हलवायचं नाही. कोट सगळ्यांच्या वर येतो.

शर्ट आत खोचलेला असेल तर तो पट्ट्याच्या वरच्या कडेशी थोडा फुगून थांबतो, त्याची बारीक सावली पट्ट्यावर पडते. शर्टाच्या जागी कुडता आला की पट्टा झाकला जायलाच हवा. पँट बदलली तर पट्टा अडकवायचे लूप नव्या पँटचे आणि पट्ट्याच्या वर हवेत, नाहीतर पट्टा नुसता कमरेवर ठेवल्यासारखा दिसतो.

ओढणीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. सुती, जाड ओढणी कापून ठेवता येते. शिफॉनची ठेवू नये. तिच्यातून खालच्या ड्रेसचा रंग दिसतो, म्हणजे तिचा फोटोतला रंग मुळात दोन कापडांचा मिळून झालेला असतो. तो वेगळा करत बसण्यापेक्षा ओढणी ड्रेसबरोबरच बदललेली बरी.

हल्ली खरेदीच्या ॲपवर स्वतःच्या फोटोवर ड्रेस चढवून पाहता येतो. तिथे गळ्यातलं का नाहीसं होतं, याचं कारणही यातच आहे. फोटोतल्या माणसाचे कपडे आणि अवयव ओळखायला शिकवणाऱ्या ‘एटीआर’ या बऱ्याच वापरल्या जाणाऱ्या संचात पार्श्वभूमी धरून 18 वर्ग आहेत. त्यात पट्टा आहे, स्कार्फ आहे, पण टाय नाही आणि दागिनाही नाही. ज्याला वेगळं नावच नाही, ते मशीन त्वचेत किंवा कपड्यात मोजतं. कपड्यात मोजलं गेलेलं मंगळसूत्र कपड्याबरोबर पुसलं जातं. अशा ॲपवर ड्रेसचा रंग आणि लांबी पाहावी, गळ्याची शोभा त्यावरून ठरवू नये.

तयार फोटो तपासायची सोपी रीत आहे. तो कृष्णधवल करून पाहा. रंगाची भूल निघून जाते आणि सावली आहे की नाही ते लगेच कळतं. मग आडवा उलटा करून पाहा, सवयीने न दिसलेल्या चुका वर येतात.

स्टुडिओत जाताना त्याच व्यक्तीचे, तेच दागिने असलेले आणखी दोन-तीन फोटो सोबत न्या, अंधुक असले तरी चालतील. पदराखाली लपलेले मणी त्यातूनच मिळतात. आणि काय ठेवायचं, काय बदलायचं, ते तोंडी न सांगता कागदावर लिहून द्या.