न्यूयॉर्कच्या घड्याळावर पुण्याची रात्र

न्यूयॉर्कमधल्या ग्राहकाला सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा फोनवर मदत हवी असेल, तर पुण्यातल्या कुणाला तरी उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसहाला हेडफोन चढवावा लागतो. तो उतरतो पहाटे साडेतीनला. 1997 च्या सुमारास जनरल इलेक्ट्रिकने गुडगावात असं काम मोठ्या प्रमाणावर सुरू केलं आणि काही वर्षांतच ते मुंबई-पुण्यापर्यंत पसरलं.

समजा, सांगलीकडची एक पदवीधर मुलगी यात शिरते. तिचं नाव वैष्णवी धरू. पहिली अडचण याच नावाची. ‘माझं नाव वैष्णवी’ म्हटलं की पलीकडून ‘काय?’ येतं. मग एकेक अक्षर सांगायचं, व्ही फॉर व्हिक्टर, ए फॉर अल्फा. यात वीस-तीस सेकंद सहज जातात. प्रत्येक कॉल सरासरी किती वेळात संपला याचा हिशेब, म्हणजे एएचटी, टीम लीडरच्या स्क्रीनवर सतत असतो. सुरुवातीच्या काळात अनेक कंपन्यांनी ‘व्हेनेसा’ असं नाव देऊन हे सेकंद वाचवले. त्यात लपवाछपवीही होतीच. अमेरिकेतल्या नोकऱ्या बाहेर जात असल्याचा राग तिकडे वाढत होता, आणि कॉल कुठून येतोय हे ग्राहकाला कळू नये असंच मालकांना वाटत होतं. सोनाली गुलाटी यांच्या 2005 च्या माहितीपटाचं शीर्षकच ‘नलिनी बाय डे, नॅन्सी बाय नाइट’ असं आहे.

नावानंतर उच्चार. प्रशिक्षक तोंडासमोर कागदाचा कपटा धरून ‘पेन’ म्हणायला सांगतात. कपटा हलला पाहिजे. इंग्रजीत शब्दारंभीचा प हवेच्या झोतासह येतो. मराठी प कोरडा. म्हणून आपण ‘पिन’ म्हणतो तेव्हा अमेरिकन कानाला ‘बिन’ ऐकू येऊ शकतं. व्ही आणि डब्ल्यू या दोघांसाठी आपल्याकडे एकच व, त्यामुळे ‘वेस्ट’ म्हणजे पश्चिम की बंडी, हे कळत नाही. आघाताचा प्रश्न याहून चिवट. ‘डेव्हलप’मध्ये जोर ‘व्हे’वर यायला हवा, आपण तो पहिल्या अक्षरावर टाकतो किंवा सगळीकडे सारखा वाटून देतो. मराठी बोलताना हे कुणाच्या लक्षातही येत नाही. इथे मात्र त्याला ‘एमटीआय’, म्हणजे मातृभाषेचा प्रभाव, असं नाव देऊन दोषांच्या यादीत टाकतात.

पुढे अमेरिकन ढंगाची सक्ती सैल झाली आणि ‘न्यूट्रल ॲक्सेंट’ आला. समाजशास्त्रज्ञ ए. अनीश यांनी स्वतः गुडगावच्या कॉल सेंटरमध्ये काम करून 2015 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. तटस्थ उच्चार म्हणून काही आधीच अस्तित्वात नसतं, तो घडवावा लागतो, हा त्यांचा मुद्दा. म्हणजे वैष्णवीने अमेरिकन व्हायचं नाही, सांगलीचंही राहायचं नाही.

तरीही नाव आणि उच्चार हेडफोनबरोबर खुंटीला टांगता येतात. वेळ तशी टांगता येत नाही. पहाटे चारच्या आसपास शरीराचं तापमान सर्वांत खाली असतं, लक्ष उडतं, आणि नेमक्या त्याच वेळी कॅब रिकाम्या रस्त्यावरून घरी नेत असते. दिवसा झोप लागली तरी ती तुटक असते, कारण ऊन आणि कुकरच्या शिट्ट्या थांबत नाहीत. कायम रात्रीच जागलं तर शरीर काही अंशी जुळवून घेतं. पण शनिवार-रविवारी वैष्णवी सांगलीला जाते, आईबरोबर सकाळी चहा घेते, आणि सोमवारी पुन्हा उलटं चक्र. शरीराला कुठलंच घड्याळ खरं वाटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2019 मध्ये रात्रपाळीचा समावेश कर्करोगाच्या ‘संभाव्य’ कारणांत पुन्हा केला, तो शरीराच्या याच लयभंगामुळे.

मुलींना त्याहून वेगळी किंमत पडते. रात्री दारात थांबणारी गाडी शेजाऱ्यांच्या गप्पांचा विषय होते. भीतीही पोकळ नव्हती: 2007 मध्ये पुण्यात एका तरुण कर्मचारी महिलेला कामावर नेणाऱ्या कॅबचालकानेच साथीदारासह तिच्यावर बलात्कार करून तिचा खून केला. महाराष्ट्राच्या 2017 च्या कायद्याने रात्री साडेनऊनंतर महिलांना काम करायला मुभा दिली, पण त्यांच्या संमतीची आणि सुरक्षेची अट घालूनच.

सणांचंही तसंच. लक्ष्मीपूजनाला लॉगिन आणि थँक्सगिव्हिंगला सुट्टी. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेत घड्याळं तासभर मागे जातात, आणि सोमवारपासून वैष्णवीची शिफ्ट साडेसहाऐवजी साडेसातला लागते. ‘का गं, आज गाडी उशिरा?’ असं घरमालकीण विचारते. ‘तिकडे हिवाळा लागला काकू,’ एवढंच ती सांगते आणि दार ओढून घेते.