विवाह साइटचा पेड प्लॅन ठरवताना: किती नंबर, किती दिवस आणि हायलाइट कुणाला?



तालुक्याच्या गावात वधू-वर सूचक केंद्र चालवणारे बरेच जण आता स्वतःची साइट काढतायत. साइट बनवून मिळते, नोंदणीही होते. गाडी अडते ती पेड प्लॅनवर. मग मोठ्या साइटचे प्लॅन उघडायचे, तीन रकाने उतरवायचे आणि किंमत निम्मी करायची, एवढंच केलं जातं. पण त्यांच्याकडे लाखो प्रोफाइल असतात आणि तुमच्याकडे काहीशे. त्यांचा आकडा तुमच्याकडे चालत नाही, तो का चालत नाही हे आज हिशोब मांडूनच बघू.

माझ्या दुकानात बिस्किटाचा पुडा विकला की शेल्फवरून एक पुडा कमी होतो. फोन नंबर विकला तर शेल्फवर काहीच कमी होत नाही. म्हणून वाटतं, 20 नंबर दिले काय अन् 50 दिले काय, आपल्या खिशातून काय जातंय? जातं ते समोरच्या घरातून. तुम्ही दाखवलेला प्रत्येक नंबर म्हणजे कुठल्या तरी मुलीच्या वडिलांना येणारा एक फोन. त्या फोनमागे बायोडेटा, फोटो, पत्रिका आणि चार दिवसांनी "काय ठरलं?" हेही येतंच.

आता आकडे घेऊ. समजा तुमच्याकडे 600 प्रोफाइल आहेत, 380 मुलं आणि 220 मुली. आपल्या ग्रामीण भागातल्या केंद्रांत मुलांची नोंदणी जास्त दिसते, म्हणून असं धरलं. त्यातल्या 100 मुलांनी 50 नंबरचा, तीन महिन्यांचा प्लॅन घेतला. म्हणजे तुम्ही 5000 वेळा नंबर दाखवायचं कबूल केलंत. सरासरी काढली तर एका मुलीमागे 23 फोन. पण सरासरीवर जाऊ नका. शिकलेली, नोकरी करणारी, चांगला फोटो लावलेली अशी 50 स्थळं असतात, निम्मे फोन त्यांनाच जातात. म्हणजे त्या घरांना 50-50 फोन. दुसऱ्या महिन्यात ते वडील तुम्हाला फोन करून सांगतात, "आमचं नाव काढून टाका हो." ज्या स्थळांमुळे तुमचा प्लॅन विकला जात होता, तीच स्थळं गेली! हेच प्लॅन 20 नंबरचे असते, तर त्याच घरांना तीन महिन्यांत 20 फोन गेले असते, म्हणजे आठवड्याला एक किंवा दोन. एवढे फोन घर सांभाळून घेतं.

बरं, मुलाला तरी 50 चा उपयोग होतो का? 220 मुलींतून वय, शिक्षण, समाज, जिल्हा असे फिल्टर लावले की त्याच्यासमोर समजा 35 स्थळं उरतात. दर महिन्याला चार नवी आली, तर तीन महिन्यांत 47. त्यात पत्रिका, फोटो, नोकरी बघून तो निम्म्यांनाच फोन करणार. म्हणजे 23-24. तुम्ही 50 विकले, वापरले गेले 23, आणि उरलेल्या 27 साठी तो तुमच्याशी भांडणार. म्हणून प्लॅन छापण्याआधी दहा-बारा मुलांची प्रोफाइल घ्या, त्यांचे फिल्टर लावून बघा आणि खरंच किती स्थळं दिसतात ते वहीत लिहा. तुमचा आकडा त्या वहीतून येईल. वर हवे असतील तर पाच नंबरचं छोटं टॉप-अप ठेवा.

मुदतीचा हिशोब यालाच जोडलेला आहे. घरातली मोठी माणसं रोज फोन करत नाहीत. रविवारी निवांत बसून दोन फोन होतात, मग आठवडाभर त्यावर चर्चा. आठवड्याला दोन धरले तर 20 नंबरांना दहा आठवडे लागतात, म्हणून तीन महिने बरोबर बसतात. तेच 20 नंबर एका महिन्यात दिले, तर मुदत संपताना दहा-बारा शिल्लक राहतील आणि गिऱ्हाइकाला फसवल्यासारखं वाटेल. वर्षभराची मुदत ऐकायला मोठी वाटते, पण एकदाच घेतलेल्या पैशात तुम्ही बारा महिने फोन उचलत बसाल. आणखी एक, पितृपक्षात बरीच घरं स्थळाचं बोलणंच काढत नाहीत. ज्याची मुदत त्या पंधरवड्यातून जाते, त्याला 15 दिवस स्वतःहून वाढवून द्या. खर्च शून्य, आणि माणूस लक्षात ठेवतो.

नंबर मोजायचे कसे, हे साइट बनवणाऱ्याला आधीच सांगून ठेवा. एकदा पाहिलेला नंबर पुन्हा उघडला तर तो परत मोजायचा नाही. नंबर बंद निघाला किंवा मुलीचं लग्न आधीच जमलेलं असलं, तर तो नंबर खात्यात परत जमा करायचा. त्यासाठी प्रोफाइलवरच "नंबर चुकीचा आहे" आणि "लग्न जमलंय" अशी दोन बटणं हवीत. आणि दिवसाला पाच नंबरांची मर्यादा घालाच. एखाद्याने प्लॅन घेतल्या-घेतल्या एका रात्रीत वीसच्या वीस नंबर उघडले, त्यात वय-शिक्षणाचा काही मेळच नाही, तर तो बहुतेक नवरदेव नाही. तो तुमची स्थळं दुसऱ्या केंद्राच्या वहीत उतरवून घेणारा एजंट असू शकतो. अशा खात्याची ओळखपत्रं लगेच तपासा. 2016 मध्ये केंद्र सरकारने विवाह साइटसाठी ज्या सूचना काढल्या, त्यातही नोंदणी करणाऱ्याची ओळख कागदपत्रांवरून पडताळा असं सांगितलेलं आहे.

आता हायलाइट. हा माल मात्र खरोखर मोजका आहे. मोबाइलवर शोधलं की पहिली तीन-चार प्रोफाइल नीट बघितली जातात, पुढे बोट नुसतं सरकत जातं. म्हणून वरच्या फक्त दोन जागा हायलाइटला द्या. 100 पैकी 40 जणांना रंगीत चौकट दिली, तर सगळं पानच रंगीत दिसेल आणि कुणीच उठून दिसणार नाही. एका वेळी दहा जणांनाच विका, दोन जागांवर त्यांना आलटून-पालटून दाखवा. म्हणजे पाच शोधांपैकी एका शोधात प्रत्येक जण वर येतो. 15 दिवसांनी त्याला आकडा दाखवा: आधी किती जणांनी प्रोफाइल उघडलं होतं, आता किती जणांनी उघडलं. हायलाइटने प्रोफाइल उघडलं जातं, होकार मिळत नाही, हे पैसे घेतानाच स्पष्ट बोला. आणि ज्याचा फोटो अंधुक आहे किंवा कामाच्या रकान्यात नुसतं "खाजगी नोकरी" लिहिलंय, त्याला हायलाइट विकूच नका. आधी प्रोफाइल भरून घ्या.

शेवटी गल्ल्याचं. समजा प्लॅन 1500 रुपयांचा आहे आणि तुळशीचं लग्न झाल्यावर मुहूर्तांच्या गडबडीत 100 जणांनी एकदम घेतला. खात्यात दीड लाख आले, पण सेवा तीन महिने द्यायची आहे. पहिल्या महिन्याची कमाई 50,000 धरा, बाकीचा एक लाख दुसऱ्या खात्यात हलवा, कारण बंद नंबर, परतावा आणि फोनवरचा माणूस, हे सगळं त्यातूनच निघणार आहे. तुमची जीएसटी नोंदणी असेल तर 18 टक्के याच 1500 मध्ये धरलेत की वर, हे प्लॅनच्या पानावर लिहा. आत धरले असतील तर तुमच्या हातात साधारण 1271 रुपये पडतात, 1500 नाही. वरचा हिशोब त्या आकड्यावर पुन्हा करून बघा.