तारीख बदलायची आहे? आधी लेयरची प्रत काढा

जानेवारीत गावोगावी व्याख्यानमाला असतात. निमंत्रणाचं चित्र तयार होऊन व्हॉट्सॲपवर फिरू लागतं आणि मग वक्त्यांचा निरोप येतो: बारा तारखेला जमत नाही, पुढच्या रविवारी नक्की येतो. ज्यांनी निमंत्रण केलं ते डीटीपीवाले त्या दिवशी भेटत नाहीत. मंडळाच्या कार्यकर्त्याच्या हातात उरते ती फक्त एक जेपीजी फाइल. तिच्यावरच्या ‘रविवार, १२ जानेवारी’चं ‘रविवार, १९ जानेवारी’ करायचं असतं. काम एका अंकाचं दिसतं. पण लेयर, सिलेक्शन आणि मास्क या तिन्ही गोष्टी समजून घ्यायला याहून चांगलं काम नाही.

इथे फोटोशॉप धरून सांगतो. जिंप हा विनामूल्य प्रोग्रॅमही जवळपास याच रीतीने चालतो, कळा थोड्या वेगळ्या आहेत.

जेपीजी फाइलमध्ये अक्षरं नसतात, हे आधी लक्षात घ्यायला हवं. तिथे असतात फक्त रंगीत ठिपके, म्हणजे पिक्सेल. ‘१२’ हा आकडा आणि त्यामागचा केशरी रंग एकाच पातळीवर, एकमेकांना चिकटून बसलेले असतात. आकडा पुसला तर त्याच्या मागे रंग सापडत नाही, कारण मागे काही नसतंच. लेयर हा त्यावरचा उपाय आहे. पारदर्शक कागद एकावर एक ठेवावेत आणि प्रत्येकावर चित्राचा एकेक भाग असावा, तशी ही रचना असते. वरून पाहिलं तर एकच चित्र दिसतं, पण प्रत्येक कागद वेगळा हलवता, झाकता, काढता येतो. फोटोशॉपमध्ये ही सोय १९९४ साली, तिसऱ्या आवृत्तीत आली. त्यानंतरही काही वर्षं एकदा टाइप केलेला मजकूर लगेच ठिपक्यांत रूपांतरित होई आणि चूक सुधारायची तर सगळा पुन्हा टाइप करावा लागे. पुन्हा बदलता येणारी अक्षरं आली १९९८च्या पाचव्या आवृत्तीत.

जेपीजी उघडली की लेयरच्या यादीत एकच ओळ दिसते, Background. तिच्यापुढे कुलपाचं चिन्ह असतं. नवख्या माणसाला वाटतं, कुलूप आहे म्हणजे चित्र सुरक्षित आहे. तसं नाही. त्या कुलपामुळे लेयर फक्त जागचा हलत नाही. त्यावर ब्रश चालतो, खोडरबर चालतो, सगळं चालतं. म्हणून पहिली कळ Ctrl+J. तिने त्या लेयरची हुबेहूब प्रत वर येते, तिचं नाव Layer 1. आता जे काही करायचं ते हिच्यावर किंवा हिच्या वर. खालच्या लेयरला हात लावायचा नाही.

हे केल्याने एक फायदा लगेच होतो आणि तो फारसा कुणी सांगत नाही. जेपीजीत लेयर मावत नाहीत. त्यामुळे लेयरची प्रत काढल्यावर Ctrl+S दाबलं तर फोटोशॉप मूळ फाइलवर गुपचूप लिहीत नाही. नवी खिडकी उघडतं आणि PSD म्हणून ठेवायला सुचवतं. प्रत न काढता थेट Background वर काम केलं असतं, तर त्याच Ctrl+S ने मूळ चित्र कायमचं गेलं असतं. Ctrl+Z आहे ना, असं कुणी म्हणेल. पण मागे जाण्याला मर्यादा असते. नेहमीच्या मांडणीत फोटोशॉप शेवटच्या ५० कृती लक्षात ठेवतं. क्लोन स्टॅम्पने डाग पुसताना प्रत्येक फटकारा ही एक कृती असते, म्हणजे ५० कृती पाच मिनिटांत संपतात. फाइल बंद केली तर सगळाच इतिहास जातो.

आता प्रत्यक्ष काम. बहुतेक जण आधी जुनी तारीख पुसतात आणि मग नवी लिहायला घेतात. हा क्रम उलटा आहे. जुना आकडा ही आपली मोजपट्टी आहे, ती आधीच फेकून द्यायची नाही. टाइपचं साधन घेऊन जुन्या आकड्याच्या शेजारी नवा टाइप लेयर करावा आणि त्यात ‘१९’ नव्हे, ‘१२’च लिहावं. रंग आयड्रॉपरने घ्यावा, तोही आकड्याच्या जाड भागाच्या मधोमध. कडेला अक्षराचा आणि पार्श्वभूमीचा रंग मिसळलेला असतो, तिथून घेतलेला रंग फिका पडतो. मग हा लेयर ५० टक्के अपारदर्शक करून जुन्या ‘१२’वर नेऊन ठेवावा. फाँट, आकार, जाडी जुळली तर दोन्ही आकडे एकच दिसतात. नसेल जुळत तर दुहेरी कडा दिसते आणि कुठे किती फरक आहे तेही कळतं. फाँट सापडलाच नाही तर एक आकडा बदलण्याचा हट्ट धरू नये. ‘रविवार, १९ जानेवारी’ ही अख्खी ओळ नव्या फाँटमध्ये लिहावी. एका ओळीत दोन फाँट लगेच खुपतात, वेगळी ओळ वेगळ्या फाँटमध्ये असली तर खपून जाते. मात्र अंकांसोबत शब्दही लिहायचे असतील तर काही आवृत्त्यांमध्ये ‘वि’ची वेलांटी भलतीकडे जाते. तेव्हा परिच्छेदाच्या मांडणीत World-Ready Layout निवडावं लागतं.

मोजमाप जुळलं की नवा लेयर डोळ्याच्या चिन्हावर क्लिक करून झाकावा आणि मग जुन्या आकड्याकडे वळावं. इथे सिलेक्शन येतं. सिलेक्शन म्हणजे ‘एवढ्याच भागावर काम कर’ असं प्रोग्रॅमला सांगणं. पडद्यावर त्याची हलती तुटक रेघ दिसते. समजा, आपल्या निमंत्रणाची पार्श्वभूमी वर पिवळी आणि खाली हळूहळू केशरी होत जाणारी आहे. म्हणजे रंग उंचीनुसार बदलतो, आडवा मात्र तोच राहतो. मग आकड्याच्या उजवीकडे किंवा डावीकडे, त्याच उंचीवर जी रिकामी जागा असेल, तिच्याभोवती चौकोनी सिलेक्शन करावं. यादीत Layer 1 निवडलेला आहे ना हे पाहून Ctrl+J दाबावं. सिलेक्शन असताना हीच कळ फक्त तेवढ्या तुकड्याची प्रत वेगळ्या लेयरवर काढते. तो तुकडा Shift दाबून धरून आडवा सरकवावा, म्हणजे वरखाली हलणार नाही. जुना आकडा त्याखाली जातो आणि रंगांची चढउतार अचूक बसते. एकच सपाट रंग फासून हे कधीच साधत नाही.

तुकडा किती मोठा घ्यावा? आकड्यापेक्षा चारी बाजूंनी निदान पंधरा-सोळा ठिपके जास्त. कारण जेपीजी चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडून दाबते आणि गडद अक्षराची कड ज्या चौकोनात येते, तो सगळा चौकोन थोडा गढूळ होतो. रंगाच्या माहितीसाठी तर हे चौकोन बहुधा सोळा बाय सोळा धरले जातात. आकड्याला खेटून झाकलं तर आकडा जातो, पण त्याभोवतीची मळकट कड उरते आणि जुन्या तारखेचं भूत दिसत राहतं. लॅपटॉपच्या पडद्यावर ते जाणवत नाही, फ्लेक्स छापला की उठून दिसतं. पारखायची रीत सोपी आहे. सगळ्यांत वर Levels चा ॲडजस्टमेंट लेयर टाकावा, काळी आणि पांढरी टोकं मधे ओढून कॉन्ट्रास्ट मुद्दाम भडक करावा आणि चित्र २०० टक्के मोठं करून पाहावं. कुठे काही राहिलं असेल तर लपत नाही. पाहून झालं की तो लेयर काढून टाकावा.

तुकड्याच्या कडा अजून जाणवतात, कारण त्या सुरीने कापल्यासारख्या सरळ आहेत. खोडरबराने त्या मऊ करता येतील, पण खोडलेले ठिपके परत येत नाहीत. इथे मास्क वापरावा. लेयरच्या यादीखालचं मास्कचं चिन्ह दाबलं की तुकड्याशेजारी एक पांढरा चौकोन उमटतो. मास्कवर पांढरं ते दिसतं, काळं ते झाकलं जातं आणि करडं ते तेवढ्या प्रमाणात अर्धवट दिसतं. त्या चौकोनावर क्लिक करून मऊ कडेच्या काळ्या ब्रशने तुकड्याच्या चारी बाजू हलकेच रंगवायच्या. जास्त झालं तर X दाबून पांढरा रंग घ्यायचा आणि तोच भाग परत आणायचा. सवय नसलेला माणूस मास्कऐवजी चित्रावरच काळा ब्रश फिरवतो आणि गोंधळतो. यादीत कोणत्या चौकोनाभोवती चौकट आहे ते पाहिलं तर ही गफलत होत नाही. छपाईत पूर्वी लाल फिल्म कापून नको तो भाग झाकत असत. फोटोशॉपमध्ये Q दाबल्यावर दिसणारा झाकणीचा लाल रंग तिथूनच आलेला आहे.

मास्कलाही मर्यादा आहे. तो झाकलेलं परत दाखवतो, नसलेलं निर्माण करत नाही. मूळ ठिपके खाली कुठेतरी शाबूत असतील, तरच मास्क काढून ते परत मिळतात. प्रत आधी काढायची ती याचसाठी.

आता झाकलेला टाइप लेयर उघडावा, ‘१२’चं ‘१९’ करावं, अपारदर्शकता १०० टक्क्यांवर आणावी. तो शेजारच्या अक्षरांपेक्षा जास्तच रेखीव दिसेल, कारण बाकीची अक्षरं जेपीजीने थोडी मऊ केलेली आहेत. त्या टाइप लेयरचीही Ctrl+J ने प्रत काढावी, मूळ झाकावा आणि प्रतीला Rasterize करून अर्ध्या ठिपक्याएवढा Gaussian Blur द्यावा. उद्या तारीख पुन्हा बदलली तर झाकलेला टाइप लेयर तयारच असतो.

सुदैवाने डीटीपीवाल्यांकडून PSD फाइलच मिळाली, तरी प्रतीचा नियम सोडू नये. आपल्याकडे श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये केलेलं काम अजून खूप आहे. तो फाँट आपल्या संगणकावर नसेल, तरी फाइल उघडल्यावर मजकूर व्यवस्थित मराठीत दिसतो, कारण साठवलेलं जुनं चित्रच समोर येतं. टाइप लेयरच्या चिन्हावर फक्त एक इशारा असतो. अक्षरांत कर्सर ठेवून बदल स्वीकारला की फोटोशॉप दुसरा फाँट लावतं आणि ओळीच्या जागी इंग्रजी अक्षरं व चिन्हांचा कचरा उमटतो. बदल प्रतीवर केला असेल तर मूळ ओळ जशीच्या तशी राहते आणि तिच्याकडे पाहून नवा मजकूर युनिकोडमध्ये लिहिता येतो.

प्रतींमुळे फाइल जड होते, हे खरं. तीन हजार बाय साडेचार हजार ठिपक्यांच्या चित्राचा एक पूर्ण लेयर मेमरीत चाळीस मेगाबाइटच्या आसपास जागा घेतो. म्हणून पूर्ण चित्राची प्रत एकदाच काढावी आणि पुढे फक्त लागेल त्या तुकड्याची. काम संपल्यावर PSD वेगळी ठेवावी, पाठवायची जेपीजी तिच्यातून वेगळ्या नावाने काढावी, आणि Flatten Image करून लेयर सपाट केलेली फाइल PSDवर चुकूनही ठेवू नये.

आणि डीटीपीच्या मंडळींना एक विनंती: निमंत्रण देताना गिऱ्हाइकाला जेपीजीसोबत PSDही द्या आणि कोणता फाँट वापरला त्याचं नाव लिहून द्या. तारीख बदलली तर त्यांना हे सगळं करावंच लागणार नाही.