कामाचे विवरणपत्र आणि स्वीकृती-चाचणी

भोपाळमधील एखादे मराठी ग्रंथालय आपली ग्रंथसूची संगणकावर आणण्याचे काम स्वतंत्र आज्ञावलीकाराकडे सोपविते, असे समजू. विवरणपत्रात केवळ ‘शोध सुलभ असावा’ असे लिहिल्यास काम पुरे झाले की नाही, यावर पुढे वाद अटळ होय. त्याऐवजी चाचणीच लिहावी : जोडलेल्या १०० नोंदींपैकी प्रत्येक नोंद लेखकाच्या नावाने सापडावी; ‘१२’ व ‘12’ ही चिन्हे संगणकास भिन्न असली, तरी दोहोंनी तोच ग्रंथ दिसावा. या नोंदी ग्रंथालयानेच निवडाव्यात. आज्ञावलीकाराने स्वतः निवडलेल्या नोंदी बहुधा सापडतातच!

मोबदलाही याच चाचण्यांशी बांधावा. उदाहरणार्थ, आराखडा मंजूर होताच २० टक्के, या १०० नोंदींची चाचणी यशस्वी झाल्यावर ४०, संपूर्ण सूची व मूळ आज्ञावली हाती आल्यावर ३० आणि महिनाभराच्या वापरानंतर उर्वरित १० टक्के. ग्रंथालयाने १० दिवसांत दोष लेखी न कळविल्यास तो टप्पा स्वीकृत समजावा. अन्यथा आज्ञावलीकाराचे पैसे विनाकारण अडकून राहतात.

पैसे चुकते केल्याने आज्ञावलीचा स्वामित्वहक्क मात्र आपोआप मिळत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यान्वये तो लेखी सोपवावा लागतो आणि मुदत न लिहिल्यास ते हस्तांतरण ५ वर्षांपुरतेच मानले जाते.