‘अभिनंदन’नंतरचं वाक्य

लिंक्डइनवर एखाद्याने प्रोफाइलमधलं पद बदललं आणि ते इतरांना कळवायचा पर्याय चालू ठेवला, की ओळखीपाळखीच्यांना सूचना जाते. सोबत शुभेच्छांचा तयार मजकूरही असतो, बोट टेकवलं की काम झालं. बढती मिळालेला माणूसही मग ओळीने ‘धन्यवाद’ टाकत सुटतो. दोन्ही बाजूंचं कर्तव्य पार पडतं, बोलणं मात्र होत नाही.

बोलणं सुरू होतं ते त्याच माणसाला विचारता येईल अशा एका प्रश्नामुळे. समजा, तासगावच्या बँकशाखेत कर्जं बघणाऱ्या एक बाई चिपळूणला शाखा व्यवस्थापक झाल्या. त्यांच्या हाताखाली काम केलेल्या तरुणाने लिहिलं, “मॅडम, मनापासून अभिनंदन! द्राक्षबागेत स्वतः फिरून तुम्ही कर्जाची प्रकरणं तपासायचात, ते अजून आठवतं. चिपळूणला आता आंबा-काजूवाले जास्त येतात का?”

यात जुनी आठवण नेमकी आहे आणि प्रश्न नव्या कामाचा आहे. शिवाय उत्तर एका ओळीतही देता येतं, हे महत्त्वाचं. नव्या खुर्चीत बसलेल्याला सवड कुठली! “कसं वाटतंय नवीन ठिकाणी?” याला “मस्त” म्हणून सुटता येतं, इथे तसं होत नाही.

मॅडमचं उत्तर आलं, “अरे, इथे दुकानदारच जास्त. २०२१च्या पुरात बाजारपेठ बुडाली होती ना, म्हणून मी आधी विमा बघते.”

खरी कसोटी इथे लागते. पुष्कळजण “वा, छान!” लिहून मोकळे होतात किंवा लगेच आपल्या बदलीचं गाऱ्हाणं सुरू करतात. त्याऐवजी “हप्ता भरायला दुकानदार तयार होतात का?” असं विचारलं, की आपलं उत्तर वाचलं गेलंय हे मॅडमना कळतं. हार्वर्डमधल्या कॅरेन ह्वांग आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनातही हेच दिसलं. जास्त प्रश्न विचारणारी माणसं समोरच्याला अधिक आवडली, आणि त्यातही समोरच्याच्या उत्तराचा धागा पकडून विचारलेल्या प्रश्नांचा वाटा मोठा होता. अर्थात एका दमात चार प्रश्न विचारले तर ती मुलाखत होते.

त्याच संदेशात “माझा बायोडाटा पुढे पाठवाल का?” हेही आलं, तर आधीची द्राक्षबाग निव्वळ प्रस्तावना ठरते. ते काम वेगळं, आणि पुष्कळ नंतरचं.

लिहिण्याआधी प्रोफाइल मात्र उघडून बघावं. नवं पद म्हणजे बढतीच असं नाही. नोकरी गेल्यावर मिळेल ते पत्करलेलं असू शकतं, किंवा कुणी नुसती जुनी नोंद दुरुस्त केलेली असते. शंका असेल तर ‘बढतीबद्दल’ हा शब्द गाळून “नव्या कामासाठी शुभेच्छा” लिहावं. पहिल्याच दिवशी घाई करण्याचंही कारण नाही. दोन-तीन आठवड्यांनी गर्दी ओसरलेली असते आणि नव्या कामाबद्दल सांगण्यासारखंही काही साचलेलं असतं.